कंपनीला मन नाही, मग गुन्हा कोणी केला?

रसायनाच्या टाकीत साफसफाईसाठी उतरलेले कामगार वर येत नाहीत, कारखान्यात बॉयलर फुटतो, गटाराच्या झाकणाखाली कोणाचा तरी तरुण मुलगा गुदमरून मरतो. दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते. 'सुपरवायझरवर गुन्हा दाखल, ठेकेदार फरार.' ज्या कंपनीचे काम चालले होते तिचे नाव बातमीत येते, परंतु पोलिसांच्या फिर्यादीत आरोपीच्या रकान्यात येत नाही. मरणारा बहुतेक वेळा ठेक्यावरचा असतो, आणि तो कोणत्या वस्तीतून आलेला असतो हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. पोलीस ठाण्यात जाऊन कोणी विचारलेच तर उत्तर मिळते, "अहो, कंपनी म्हणजे काय माणूस आहे? तिला मन नाही, शरीर नाही. तिच्यावर खटला कसा चालवणार?"

हे उत्तर ऐकून आपले कार्यकर्ते परत फिरतात. आमचे म्हणणे असे की परत फिरण्याचे काही कारण नाही. हा प्रश्न नवा नाही. जगातल्या मोठमोठ्या न्यायाधीशांनी त्यावर डोकी खपवली आहेत आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ आणि २०१० साली त्याचे स्पष्ट उत्तर दिलेले आहे. ते उत्तर काय आहे आणि ते कुठे अपुरे पडते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मन नाही म्हणजे काय?

फौजदारी कायद्याचे जुने सूत्र असे की नुसत्या कृत्याने गुन्हा होत नाही, कृत्यामागे दोषी मन लागते. एखाद्याने दुसऱ्याची छत्री चुकून उचलली तर ती चोरी नव्हे. ती दुसऱ्याची आहे हे जाणून लबाडीने उचलली तर चोरी. म्हणजे आरोपीच्या मनात काय होते हे सिद्ध करावे लागते. आता कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. भारतीय दंड संहितेच्या ११ व्या कलमात 'व्यक्ती' या शब्दात कंपनी येते असे १८६० पासून लिहिलेले होते आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. कंपनी जमीन घेते, कर्ज काढते, लोकांना कोर्टात खेचते. नफा घेताना ती व्यक्ती असते. परंतु जाब विचारायची वेळ आली की ती एकाएकी नुसता कागद होते!

काही गुन्ह्यांत कायदाच मनाचा शोध घेत नाही. चेक वटला नाही, भेसळीचा माल विकला गेला, तर कायदा कृत्य पाहतो. तिथे कंपनीला आरोपी करण्यात अडचण नव्हती. अडचण होती ती फसवणूक, कट, मृत्यूस कारण होणे अशा गुन्ह्यांत, जिथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते.

यावर इंग्रज न्यायाधीशांनी एक तोड काढली. १९१५ साली लेनार्ड कंपनीच्या जहाजाच्या खटल्यात, तो खटला दिवाणी होता, लॉर्ड हाल्डेन यांनी सांगितले की कंपनीला स्वतःचे मन नसले तरी तिला चालवणारा कोणीतरी माणूस असतो. तो नोकर म्हणून वागत नाही, तो कंपनी म्हणूनच वागतो. त्याचे मन तेच कंपनीचे मन समजावे. पुढे हेच तत्त्व फौजदारीतही आले. ऐकायला हे सरळ वाटते. परंतु त्यातली फट १९७१ साली उघडी पडली.

साबणाच्या पुडीचा धडा

टेस्को ही इंग्लंडमधली प्रचंड दुकानांची साखळी. तिच्या नॉर्थविच गावातल्या दुकानात कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली होती, किंमत दोन शिलिंग अकरा पेन्स. सवलतीच्या पुड्या संपल्या. कामावरच्या मुलीने नेहमीच्या पुड्या मांडल्या, त्यांची किंमत तीन शिलिंग अकरा पेन्स. व्यवस्थापकाने लक्ष दिले नाही आणि जाहिरात तशीच राहिली. गिऱ्हाइकाकडून एक शिलिंग जास्त घेतला गेला. खटला झाला, खालच्या कोर्टाने टेस्कोला दोषी धरले. परंतु हाऊस ऑफ लॉर्ड्सने कंपनीला सोडले. कारण काय? तर शेकडो दुकानांपैकी एका दुकानाचा व्यवस्थापक म्हणजे कंपनीचे मन नव्हे. तो कायद्याच्या दृष्टीने 'दुसराच माणूस' आहे. कंपनीचे मन वरच्या संचालक मंडळात, आणि त्यांनी तर देखरेखीची सगळी व्यवस्था करून ठेवली होती!

एका शिलिंगाच्या या खटल्यातून फार मोठी गोष्ट दिसते. कंपनी लहान असेल, मालक स्वतः गल्ल्यावर बसत असेल, तर त्याचे मन आणि कंपनीचे मन एकच, तो लगेच सापडतो. कंपनी जितकी मोठी, तितके मन वर आणि हात खाली. मधे व्यवस्थापक, उपव्यवस्थापक, ठेकेदार, पोटठेकेदार. चूक हाताने होते, मन म्हणते मला माहीतच नव्हते. म्हणजे लहान दुकानदार अडकतो आणि मोठी कंपनी सुटते. येथील समाजव्यवस्थेत राहिलेल्या माणसाला हे कोडे ओळखीचे वाटेल. अन्याय सगळ्या गावाने केलेला असतो, पण बोट दाखवायला माणूस सापडत नाही.

इंग्लंडने ही फट बुजवायला बराच वेळ घेतला. २००७ साली तिथे कंपनीच्या हातून होणाऱ्या मनुष्यवधाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात एका माणसाचे मन शोधायची गरज नाही. वरिष्ठ व्यवस्थापनाने कामाची रचनाच कशी घोर निष्काळजीपणाने केली होती ते पाहिले जाते. २०२३ साली आर्थिक गुन्ह्यांपुरते असे ठरले की वरिष्ठ व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात केलेला गुन्हा हा कंपनीचाच गुन्हा.

पुण्यात दाखल झालेली फिर्याद

आपल्या देशात या प्रश्नाचा निकाल लागला तो पुण्याच्या कोर्टातून निघालेल्या एका प्रकरणात. उपग्रहांच्या साहाय्याने जगात कुठूनही बोलता येईल अशा टेलिफोनची 'इरिडियम' नावाची योजना मोटोरोला या अमेरिकन कंपनीने मांडली. त्यासाठी ६६ उपग्रह सोडण्यात आले. भारतातल्या वित्तसंस्थांनी इरिडियम इंडिया या कंपनीमार्फत त्यात पैसा घातला. १९९९ साली योजना दिवाळखोरीत गेली. मग इरिडियम इंडियाने २००१ साली पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल केली. तिचे म्हणणे असे की गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीपत्रकात खोटे सांगून आमची फसवणूक करण्यात आली.

मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली ही कारवाई रद्द केली. त्यामागचे एक कारण असे की फसवणुकीला लबाडीचा हेतू लागतो, आणि कंपनीला मन नसल्याने तिला हेतू असूच शकत नाही. पोलीस ठाण्यातले उत्तरच कायद्याच्या भाषेत दिले गेले, असे आम्ही म्हटले तर चूक होईल काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ते उत्तर खोडून काढले. कंपनीचा कारभार जे चालवतात, ती एक व्यक्ती असो वा व्यक्तींचा गट, आणि ज्यांचा ताबा इतका पक्का असतो की कंपनी त्यांच्याच विचाराने चालते असे म्हणता येईल, त्यांचा गुन्हेगारी हेतू हाच कंपनीचा हेतू धरला जाईल. कंपनी आता मन नाही या सबबीखाली सुटू शकत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. न्यायालयाने मोटोरोलाला दोषी ठरवले नाही. खटला सुरुवातीलाच मारून टाकता येणार नाही, आरोप खरे की खोटे ते पुराव्यावर ठरू द्या, एवढेच सांगितले. परंतु आपल्यासाठी तेवढेच मोलाचे आहे.

तुरुंगात कोणाला घालणार?

दुसरी सबब शरीराची. तिचा निकाल त्याआधी २००५ सालीच लागला होता. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेवर परकीय चलन कायद्याखाली कारवाई चालू होती. त्या कायद्याच्या ५६ व्या कलमात मोठ्या रकमेच्या गुन्ह्याला तुरुंगवास आणि दंड, दोन्ही सक्तीचे होते. बँकेचा युक्तिवाद असा की आम्हाला तुरुंगात घालता येत नाही. म्हणजे कायद्यात सांगितलेली शिक्षा आम्हाला देता येत नाही. म्हणून आमच्यावर खटलाच चालू शकत नाही. दोनच वर्षांपूर्वी, २००३ साली, सर्वोच्च न्यायालयाने वेलिअप्पा टेक्स्टाइल्सच्या प्रकरणात हा युक्तिवाद मान्यही केला होता.

त्याचा परिणाम किती विचित्र होता पाहा. गुन्हा लहान असेल आणि त्याला 'तुरुंग किंवा दंड' अशी शिक्षा असेल तर कंपनीवर खटला चालेल, कारण दंड करता येतो. गुन्हा मोठा असेल आणि 'तुरुंग आणि दंड' अशी शिक्षा असेल तर कंपनी मोकळी! पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती बालकृष्णन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा सार असा की तुरुंगवास देणे शक्य नसेल तर दंड करावा, पण खटला चालवावा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचे मत वेगळे पडले. कायद्यात 'आणि' लिहिले असताना न्यायालयाने 'किंवा' वाचणे योग्य नाही, ते काम संसदेचे, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणेही प्रामाणिक होते. परंतु आजचा कायदा बहुमताचा आहे.

मग आरोपीच्या पिंजऱ्यात उभे कोण राहणार? त्याचीही सोय जुनी आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०५ व्या कलमात होती, आता नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कंपनी आपला प्रतिनिधी नेमते, आरोप त्याला वाचून दाखवले जातात, जबाब तो देतो. प्रतिनिधी हजर झालाच नाही, तर आरोपीच्या समक्ष करायच्या गोष्टींची अटच उरत नाही. पिंजरा रिकामा आहे म्हणून काम अडत नाही.

भोपाळ : कंपनीचे मन कागदावर

इतका चांगला कायदा असताना न्याय का मिळत नाही? त्याचे उत्तर भोपाळमध्ये आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. सरकारी आकड्यांनीच मृतांची संख्या ५ हजारांच्या वर मानली आहे. १९८७ साली सीबीआयने १२ आरोपींविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. त्यात नऊ माणसे होती आणि तीन कंपन्या : अमेरिकेची युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन, हाँगकाँगची युनियन कार्बाइड ईस्टर्न आणि भारतातली युनियन कार्बाइड इंडिया. म्हणजे कंपनीला आरोपी करता येते हे पोलिसांना १९८७ सालीही ठाऊक होते!

आरोप होता सदोष मनुष्यवधाचा, कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाचा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. त्याला जाणीव लागते : या कृत्याने माणसे मरू शकतात हे आरोपीला ठाऊक होते. आणि पुरावा काय होता? १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेहून कंपनीचेच तज्ज्ञ भोपाळला आले होते. कारखाना तपासून त्यांनी धोक्यांचा अहवाल दिला होता. कंपनीला मन असते तर ते असे असते. ते कोणा एका साहेबाच्या डोक्यात नसते. ते अहवालात, बैठकीच्या इतिवृत्तात, खर्च कापल्याच्या आदेशात असते. कंपनीला काय माहीत होते, केव्हापासून माहीत होते आणि तरी तिने काय केले नाही, हे तिचेच कागद सांगतात.

परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा आरोप खाली आणला. सदोष कारखाना चालवला असे धरले तरी त्या रात्री तो चालवण्याने माणसे मरतील ही जाणीव आरोपींना होती असे या पुराव्यावरून दिसत नाही, असे सांगून निष्काळजीपणाचे कलम ३०४ अ लावण्यात आले. कमाल शिक्षा दोन वर्षे. ज्या दिवशी 'जाणीव' हा शब्द गेला त्या दिवशी खटल्याचा कणा मोडला. ७ जून २०१० रोजी निकाल लागला. सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षे शिक्षा झाली. युनियन कार्बाइड इंडिया ही कंपनीही दोषी ठरली आणि तिला दंड झाला सुमारे ५ लाख रुपये. तुरुंगात जाऊ न शकणाऱ्या आरोपीला फक्त दंडच करता येतो आणि दंडाची रक्कम अशी असेल, तर शिक्षा कोणाला झाली म्हणायचे? सीबीआयने जुना आरोप परत आणण्यासाठी केलेली याचिकाही २०११ साली फेटाळली गेली.

अमेरिकेची कंपनी तर कोर्टात आलीच नाही. तिला फरारी घोषित करून १९९२ साली तिचे भारतीय कंपनीतले शेअर जप्त करण्यात आले. पन्नास टक्क्यांहून जास्त हिस्सा होता तो. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कंपनीला शरीर नाही हे खरे, पण तिला मालमत्ता असते, आणि मालमत्ता पकडता येते. कोर्टाच्या हातात तेवढीच एक दोरी होती. १९९४ साली रुग्णालय उभारण्याच्या कारणाने हे शेअर विकण्यास परवानगी मिळाली आणि ती दोरीही सुटली. रुग्णालय हवेच होते, परंतु आरोपी मोकळा झाला. २००१ साली ही कंपनी डाऊ केमिकल्सने घेतली.

मन आधीच ठरवून ठेवा

भोपाळनंतर एक चांगली सुधारणा मात्र झाली. १९८७ साली कारखाना कायद्यात असे घालण्यात आले की कारखाना कंपनीचा असेल तर तिचा एक संचालक हाच 'भोगवटादार', म्हणजे जबाबदार माणूस, समजला जाईल. कंपन्यांनी याला आव्हान दिले. आम्ही अमुक व्यवस्थापकाला भोगवटादार नेमू, असे त्यांचे म्हणणे. १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. जबाबदारी खालच्या नोकरावर ढकलता येणार नाही. टेस्कोचा व्यवस्थापक 'दुसराच माणूस' ठरला होता. इथे कायद्यानेच मन कुठे आहे ते आधी सांगून टाकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आहे, फक्त स्वतंत्र संचालकांना त्यातून वगळले आहे.

अशी स्पष्ट तरतूद नसेल तर काय होते ते २०१५ च्या सुनील भारती मित्तल प्रकरणात दिसले. न्यायालय म्हणाले, साहेबाचा हेतू कंपनीला चिकटवता येतो. परंतु कंपनी आरोपी आहे एवढ्यावरून साहेबाला आरोपी करता येत नाही. त्यासाठी त्याच्या सहभागाचा पुरावा हवा, नाहीतर कायद्यात तसे लिहिलेले हवे. निर्दोष माणूस अडकू नये म्हणून हे योग्यच आहे. म्हणूनच कायद्यात तसे कुठे लिहिले आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

आपल्या सर्वात जवळच्या कायद्यात ते लिहिलेले आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे ७ वे कलम सांगते की कोणालाही, थेट किंवा आडमार्गाने, गटाराच्या वा सेप्टिक टँकच्या धोकादायक साफसफाईला लावता येणार नाही. 'आडमार्गाने' या एका शब्दाने ठेकेदाराची ढाल निकामी होते. आणि २३ वे कलम सांगते की गुन्हा कंपनीने केला असेल तर कंपनी आणि त्या वेळी तिच्या कारभाराला जबाबदार असलेली व्यक्ती, दोघेही दोषी.

समजा, एका कंपनीच्या इमारतीतली टाकी साफ करताना दोन कामगार मेले. कंपनीने काम ठेकेदाराला दिले, ठेकेदाराने मुकादमाला सांगितले, मुकादमाने नाक्यावरून माणसे आणली. फिर्यादीत मुकादमाचे नाव आणि निष्काळजीपणाचे कलम पडले की प्रकरण तिथेच संपले. त्याऐवजी कामाचा आदेश कोणी सही केला, त्यात यंत्राने सफाई करण्याचे पैसे धरले होते का, सुरक्षा साधने पुरवल्याची पावती आहे का, याआधी कोणी लेखी तक्रार दिली होती का, हे चार कागद मागा. आदेशातली रक्कम पाहूनच कळते की यंत्र आणायचा विचार कधी झालाच नव्हता. तिथे कंपनीचे मन सापडते. मग फिर्यादीत कंपनीचे नोंदलेले पूर्ण नाव आरोपी म्हणून घाला, तिच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव घाला आणि ७ व २३ ही कलमे लिहून घ्या. उशीर मात्र करू नका. याच कायद्याच्या २४ व्या कलमानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली नाही तर न्यायालय त्या गुन्ह्याची दखलच घेत नाही. नुकसानभरपाईच्या आश्वासनावर हे तीन महिने काढले जातात, हे ध्यानात ठेवा.

शिक्षा अपुरी आहे ही आमची तक्रार कायम आहे. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात दोन वर्षे किंवा दोन लाख दंड, मोठ्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम दिसणारही नाही. दंड कंपनीच्या उलाढालीच्या प्रमाणात असावा आणि दोषी ठरलेल्या कंपनीला सरकारी ठेका मिळू नये, ही मागणी आपण रेटली पाहिजे. परंतु कंपनी आरोपी म्हणून कागदावरच आली नाही तर कोणतीही शिक्षा लागू होणार नाही. म्हणून यापुढे ठाण्यात कोणी म्हणाले की कंपनीला मन नाही, तर शांतपणे सांगा : २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला ते सापडले आहे, तुम्ही फक्त आरोपीच्या रकान्यात नाव लिहा.